विषय : खोली बदलून मिळणेबाबत

सरकारी मराठीत अर्ज लिहावा तर मीच, असं कपिलधारच्या पंचक्रोशीत मानलं जातं. मानणारे मोजकेच आहेत, पण त्यांत मी स्वतः असल्यामुळे संख्या भरीव वाटते. नोकरी सगळी आवक-जावकच्या टेबलावर गेली. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्या कागदावरही मारायचा आणि मधल्या काळात कागदाचं काय झालं याची चौकशी करायची नाही, एवढं पथ्य पाळून मी निवृत्त झालो. तेव्हापासून सातबारा, वीजबिल, विहिरीचं अनुदान, असलं काहीही अडलं की लोक माझ्याकडे येतात. चहा पाजतात आणि माझा अर्ज घेऊन जातात. काम होतं की नाही ते कळवायला कोणी परत येत नाही. त्यावरून मी काम होत असणार असा अर्थ काढतो.

त्यामुळे चुलतभावाच्या पोराला शहरातल्या वसतिगृहात झोप लागेना, तेव्हा त्याने पहिला फोन मलाच केला यात नवल नव्हतं. पोरगं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. आईवडील दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे, म्हणून वसतिगृहाच्या फॉर्मवर पालक म्हणून माझीच सही.

"काका, खोली बदलायचीय. लई आवाज आहे."

"कशाचा?"

"काय?"

"कशाचा आवाज आहे म्हणतो मी!"

"काका, ऐकू येत नाही. आवाज आहे लई!"

ही मुलाखत बराच वेळ चालली. त्याला माझं ऐकू येत नव्हतं म्हणून मी ओरडत होतो, आणि मी ओरडतोय म्हणून तोही ओरडत होता. शेवटी आमच्या गल्लीतल्या दोन-तीन घरांना त्याच्या वसतिगृहात आवाज आहे हे समजलं.

मी तातडीने अर्ज तयार केला. खरं सांगतो, तसा मसुदा आता होत नाही. "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा आपल्या वसतिगृहातील प्रथम वर्षाचा निवासी विद्यार्थी असून सदर खोलीमध्ये सातत्याने होणाऱ्या गोंगाटामुळे अर्जदाराच्या शैक्षणिक प्रगतीवर विपरीत परिणाम होत आहे. तरी सहानुभूतीपूर्वक विचार होऊन सदरची खोली बदलून मिळावी, ही नम्र विनंती." यातलं "सातत्याने होणाऱ्या गोंगाटामुळे" लिहिताना तर माझी लेखणी क्षणभर थांबली होती, इतकं ते मलाच आवडलं.

पोरगं अर्ज घेऊन वसतिगृहाच्या कार्यालयात गेलं. तिथल्या भाऊसाहेबांनी तो दोनदा वाचला, म्हणजे मायना त्यांना पटला असणार. मग विचारलं, "नेमका कशाचा आवाज?"

"सगळ्याच गोष्टींचा, साहेब."

"सगळ्याच गोष्टींचा आवाज सगळ्यांनाच असतो. तुझा वेगळा काय?"

तेवढ्यात रेक्टर सर आले. त्यांनी अर्जाखालचा पत्ता वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "कपिलधारचा का रे तू? मी आलोय तिथं. पावसाळ्यात केवढा धबधबा पडतो तो! तिथं जन्म काढलेला माणूस तू. तुला पाण्याच्या मोटारीचा आवाज होतोय?"

अर्जावर शेरा पडला, "अर्जदारास आवाजाची सवय असल्याचे दिसते. नस्ती बंद."

हा शेरा मला झोंबला. एक तर अर्ज माझा होता, आणि दुसरं म्हणजे रेक्टर सरांचा मुद्दा वरवर बघता खोटा म्हणता येत नव्हता. बालाघाटाच्या कड्यावरून श्रावणात पाणी कोसळायला लागलं की समोरासमोर बसलेली माणसंही घसा ताणून बोलतात. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या यात्रेला दिंड्या येतात, मराठवाड्यातून येतात तशा कर्नाटकातूनही येतात. टाळ, मृदंग, शिवभजन, त्यावर भोंगा, शिवाय हरवलेल्या पोरांची नावं पुकारणं. हेच पोरगं त्या सगळ्यात मांडवाच्या खांबाला टेकून घोरताना मी पाहिलेलं आहे. परमरहस्याचं पारायण चालू असताना भोंग्याखाली झोपलेला हा मुलगा वसतिगृहात तक्रार करतो म्हटल्यावर कोणालाही ते नाटकच वाटणार.

पण नाटक नव्हतं. माणूस आवाजाने जागा होतो असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं. तो जागा होतो आवाजातल्या बदलाने. धबधबा रात्रभर एकाच पट्टीत चालतो. त्यात सुरुवात नाही, शेवट नाही, मेंदू थोडा वेळ ऐकतो आणि मग त्याची दखल घेणं सोडून देतो. उलट तो बाकीचे बारीकसारीक आवाज पोटात घेतो, त्यामुळे झोप चांगलीच लागते. यात्रेचंही तसंच, गलका सलग असतो. शिवाय तो आपला असतो. मोटारीचं तसं नाही. ती शांत रात्रीत अचानक सुरू होते, अचानक बंद होते आणि ती आपली नसते. हे सगळं मी पोराला फोनवर समजावून सांगितलं. त्यातलं त्याला "काय?" एवढं सोडून काही ऐकू गेलं नाही, म्हणून व्हॉट्सॲपवर टाकलं.

आणि फर्मान सोडलं की नुसतं "आवाज आहे" असं लिहून भागणार नाही. वही घाल. किती वाजता, कशाचा, किती वेळ, आणि तुला जाग आली का, असे चार रकाने. आवक-जावकच्या टेबलाने मला एक गोष्ट शिकवली आहे. दुःखाला कार्यालयात जागा नसते, नोंदीला असते.

वही आठवड्याने आली. तिचे फोटो पाहून मला गहिवरून आलं, कारण पोराने रकाने पट्टीने आखले होते. रात्री अकरा ते बारा, जिन्यात वाढदिवस. केक कापण्याआधी आरडाओरडा आणि कापल्यानंतर लाथा. रात्री एक, शेजारच्या खोलीत मोबाईलवर गेम, त्यात "मार, मार, मागून मार!" असं सांगणारा मुलगा दिवसा वर्गात तोंड उघडत नाही. दोन वाजता रूममेटचं घोरणं. चार पन्नासला मोटार सुरू. साडेपाचला मोटार बंद आणि लगेच "धाड!" शेवटच्या रकान्यात वाढदिवसापुढे "नाही", गेमपुढे "नाही", घोरण्यापुढे "थोडी", आणि मोटार नि धाड यांपुढे सातही दिवस "हो". "हो"च्या खाली दोन रेघा.

म्हणजे आरोपी एकच निघाला. खोली तळमजल्यावर, कडेची. पलीकडच्या भिंतीला लागून मोटारीची खोली. जमिनीखालच्या हौदातलं पाणी तिथून गच्चीवरच्या टाकीत चढतं. सहा वाजता अख्खं वसतिगृह एकदम बादल्या घेऊन उठतं, म्हणून टाकी पाचच्या आसपास भरावीच लागते. मोटार सहानंतर लावा अशी सूचना एका मुलाने पूर्वी केली होती म्हणे. त्या दिवशी पाणी आलं नाही, आणि त्या मुलाचं नाव अजून लोक दात खाऊन घेतात.

पोराने खिडकी लावून पाहिली, कानात कापूस घालून पाहिला, डोक्यावर उशी घेऊन पाहिलं. काही फरक नाही. मी म्हटलं, थांब, हीच तर खूण आहे. खिडकी लावल्यावर आवाज कमी झाला तर तो हवेतून येतोय. कमी झाला नाही तर तो भिंतीतून येतोय. मोटार चालू असताना भिंतीला तळहात लाव आणि सांग. त्याने पहाटे चार पंचावन्नला भिंतीला हात लावला आणि मला फोन केला.

"काका, भिंत थरथरतीय!"

"आता कॉटच्या लोखंडाला लाव."

"कॉटपण!"

"आता उशीवर कान ठेव."

बराच वेळ काही नाही. मग पलीकडून हताश आवाज आला, "काका, उभं राहिल्यावर कमी येतंय. झोपल्यावर जास्त."

झोपण्यासाठी केलेल्या जागेत झोपलं की आवाज वाढतो, उभं राहिलं की कमी होतो, अशी सोय शासनमान्य दरात मिळत होती. कारण साधं होतं. मोटारीचा पाया सरळ सिमेंटात धरलेला. तिची थरथर पायातून जमिनीत, जमिनीतून भिंतीत, आणि कॉटचं डोकं त्याच भिंतीला टेकलेलं. आडवा नळही भिंतीतून जाताना चारी बाजूंनी सिमेंटने आवळलेला, म्हणजे दुसरी वाट. खिडकी बंद करून ही थरथर अडत नाही, कारण ती खिडकीतून येतच नाही. त्याच्या फडताळातली आईने दिलेली लोणच्याची बरणी रोज पहाटे बोटभर पुढे सरकत होती. रूममेटला वाटायचं हा रात्री लोणचं खातो, याला वाटायचं रूममेट खातो. महिनाभर दोघं एकमेकांकडे त्याच नजरेने पाहत होते.

मी सांगितलं, कॉट भिंतीपासून वीतभर ओढ आणि बरणी खाली ठेव. त्याने निम्मा फरक पडला. लोणच्याचा संशय पूर्णच मिटला.

पण "धाड" राहिलं. तेही मोटारीचंच अपत्य. मोटार बंद झाली की वरच्या नळात उभं असलेलं पाणी मागे खाली यायला लागतं. ते परत हौदात जाऊ नये म्हणून खाली एक झडप असते, तिला प्लंबर एनआरव्ही म्हणतात. ही झडप जुनी, झुलत्या पाळीची होती. पाणी उलटं फिरून वेग धरेपर्यंत ती निवांत उघडी राहायची आणि मग एकदम आपटायची. पाण्याचा सगळा खांब त्या आपटण्यावर येऊन थडकायचा. स्प्रिंगची झडप असती तर पाणी उलटं फिरायच्या आतच मिटली असती. पोराला मी हे सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "काका, आमच्या फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आहे हे. पण ते दुसऱ्या वर्षाला आहे." म्हणजे वर्षभर धाड ऐकायची आणि मग तिचं नाव शिकायचं.

आता पुरावा लागणार होता. पोराने मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलं. पहिल्या दिवशी आकडा आला चौऱ्याऐंशी! मी हर्षभरित. मग लक्षात आलं, की तो आकडा मला मोठ्याने वाचून दाखवत असताना ॲप त्यालाच मोजत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने तोंड बंद ठेवून, मोबाईल उशीवर ठेवून घेतलं. मोटार बंद असताना सदतीस, चालू असताना बावन्न. मोबाईलचा माईक काही प्रयोगशाळेतला नसतो, त्याच्या एकट्या आकड्याला अर्थ कमी. पण तोच मोबाईल, तीच जागा, आणि दोन आकड्यांमधला फरक पंधरा, याला मात्र अर्थ आहे. या हिशोबात दहा वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

हे कळल्यावर मीही घरी ते ॲप घेतलं. गावातली चक्की मोजली, एसटीचा हॉर्न मोजला. मग पोराचा फोन आला आणि ॲप चालूच राहिलं. बोलणं संपल्यावर पाहिलं, तर त्या दिवसाचा सर्वांत मोठा आकडा चक्कीचा नव्हता. ॲपमध्ये काहीतरी बिघाड असणार, म्हणून मी ते काढून टाकलं.

नव्या अर्जात मी कायदा घातला. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, 2000. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. मोटार चार पन्नासला, म्हणजे सरळ रात्रीत. मला वाटलं आता कार्यालय हादरणार. भाऊसाहेबांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "ही मर्यादा परिसराची आहे. उशीची नाही." माणूस जाणकार होता. मला त्यांच्याविषयी आदर वाटू लागला.

पुढे ते म्हणाले, "शिवाय यात तुम्ही खोलीही मागताय आणि मोटारीची दुरुस्तीही. एका अर्जात एकच विषय. दोन अर्ज करा. खोलीचा रेक्टरांकडे, मोटारीचा देखभाल शाखेकडे. आणि दोन्हीच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या."

हे ऐकून मी फोनवरच हात जोडले. एका अर्जात एक विषय हा नियम मी स्वतः आयुष्यभर लोकांच्या तोंडावर मारलेला. परक्या शहरात कोणीतरी तोच माझ्या तोंडावर मारतंय, म्हटल्यावर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

खोलीचा अर्ज पुढे सरकला आणि तिथे खरी पंचाईत समजली. रिकामी खोली होती. दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्याची, झाडाच्या सावलीची, बाहेर चिमण्या. पण तो मजला सीनियरांचा. रॅगिंग रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 साली जे विनियम काढले, त्यांत नव्या विद्यार्थ्यांना शक्यतो वेगळ्या वसतिगृहात किंवा विभागात ठेवावं असं आहे, आणि ते योग्यच आहे. पहिल्या वर्षाच्या पोराला सीनियरांच्या मजल्यावर टाकून उद्या काही झालं तर रेक्टर सरांना कोण वाचवणार? पोराने सांगून पाहिलं की सीनियर चांगले आहेत, आपणहून नोट्स देतात. रेक्टर सर म्हणाले, "नोट्स देतात म्हणूनच मला काळजी आहे."

पहिल्या वर्षाच्या विभागात एकही कॉट रिकामी नव्हती. मग राहिला परस्पर बदल. म्हणजे त्याच विभागातला कोणीतरी आपणहून म्हणायला हवा की मला ही भिंत, ही मोटार आणि ही धाड द्या, माझी शांत खोली याला द्या. दोघांनी सही करायची, दोघांच्या रूममेटांनी "हरकत नाही" लिहायचं, मग रेक्टर सरांची सही. माझ्या सगळ्या नोकरीत बदली मागणारे मी ढीगभर पाहिले होते, पण भामरागड मागून घेणारा एकही पाहिला नव्हता.

पोराने मेसच्या दाराला कागद लावला, "तळमजल्यावरील ऐसपैस खोली परस्पर बदलासाठी उपलब्ध. पाण्याची मुबलक सोय जवळच." हा मसुदा त्याचा स्वतःचा. रक्तात असतं काही काही.

दोन जण येऊन भिंतीला हात लावून गेले. तिसरा आला तो पहाटे. पोलीस भरतीची तयारी करणारा, पहाटे पाचला मैदानावर पळायला जाणारा मुलगा. इंजिनिअरिंग हे त्याचं जोडकाम. त्याची अडचण एकच होती, जाग येत नाही. तीन गजर लावायचा. ते त्याच्या खोलीतले दुसरे तिघं बंद करायचे आणि तो झोपून राहायचा. त्याने आमच्या पोराच्या कॉटवर आडवं होऊन चार पन्नासची वाट पाहिली. मोटार सुरू झाली तसा ताडकन उठून बसला आणि म्हणाला, "भावा, ही खोली मला दे."

मधे एकच विघ्न आलं. परस्पर बदलाचा कागद नस्तीत लावताना भाऊसाहेबांना त्या खोलीविरुद्धचा दुसरा एक अर्ज सापडला. वरच्या खोलीतल्या मुलाचा. "खालच्या खोलीतील विद्यार्थी पहाटे व रात्री अपरात्री फोनवर फार मोठ्याने बोलतो. समोरून कोणी वयस्कर गृहस्थ त्याहून मोठ्याने बोलतात, तेही स्पष्ट ऐकू येते. विषय बहुधा आवाजाचा असतो." पोराने मला हे वाचून दाखवलं. मी अर्जाची भाषा तपासली. "समोरून" हा शब्द तिथे चुकीचा आहे, "पलीकडून" पाहिजे. बाकी वयस्कर गृहस्थाचं नाव कुठेही नमूद नसल्यामुळे त्यावर माझ्याकडून कार्यवाही अपेक्षित नव्हती.

दिवाळीनंतर खोली बदलली. पोराला झोप लागू लागली, वर्गात डुलक्या थांबल्या, एम-वन सुटेल अशी लक्षणं दिसू लागली. कार्तिकीला तो गावी आला आणि परत जाताना रेक्टर सरांसाठी मांजरसुंब्याची रबडी घेऊन जायचं म्हणाला. मी अडवलं. काम होण्याआधी रबडी दिली तर ती लाच, आणि झाल्यावर दिली तर पुढच्या कामाचा आगाऊ हप्ता. त्यापेक्षा आपणच खाऊ. खाल्ली.

राहता राहिला दुसरा अर्ज, मोटारीचा. तो मी विसरलो होतो, पोरगं विसरलं होतं, कार्यालयही विसरलंच असणार. पण कागद मरत नाही. मार्च आला. देखभाल शाखेकडे थोडी रक्कम शिल्लक आणि ती एकतीस तारखेच्या आत खर्ची टाकायची घाई. नस्ती चाळता चाळता त्यांना आमचा कागद मिळाला, त्यात काय काय करायचं तेही तयार लिहिलेलं. मी ते क्रमवार दिलं होतं : मोटारीच्या पायाखाली रबरी पॅड, मोटार आणि नळ यांच्यामध्ये रबराचा लवचीक तुकडा, भिंतीतला नळ मोकळा करून भोवती मऊ भर, आणि झुलत्या झडपेऐवजी स्प्रिंगची झडप. दोन माणसं आली, दोन दिवसांत सगळं करून गेली. ॲपवर उशीचा आकडा अडतीस. मोटार चालू आहे की नाही हे बघायला आता वॉचमनला हात लावून बघावं लागतं, अशी वसतिगृहात चर्चा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोराचा फोन आला. स्पष्ट ऐकू येत होतं, तरी जुन्या सवयीने आम्ही दोघंही ओरडतच बोललो.

"काका, एक अर्ज लिहून पाहिजे."

"आता काय झालं तुला?"

"मला नाही. त्या भरतीवाल्या पोराला. चार दिवस झाले, ग्राउंड बुडतंय त्याचं. पुढच्या महिन्यात मैदानी चाचणी आहे. तो म्हणतो, खोली बदलून पाहिजे."

"कारण काय लिहायचं?"

"तेच विचारायला फोन केला, काका. भाऊसाहेब म्हणाले, नेमकं लिहून आणा."

मी कागद ओढला, पट्टीने समास आखला आणि लिहिलं, "विषय : सध्याच्या खोलीत अजिबात आवाज नसल्याने गैरसोय होत असलेबाबत." खाली जरा जागा सोडून संदर्भात आमच्याच जुन्या अर्जाचा आवक क्रमांक टाकला.